हातावर 'आई', पण जपानीत: एका टॅटूच्या मजकुराची तपासणी

आमच्या सोसायटीतला एक मुलगा कंपनीच्या प्रकल्पासाठी जपानमध्ये नागोयाला निघाला होता. जाण्याआधी उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपर आणि मनगटाच्या मध्ये, आईसाठी काहीतरी गोंदवून घ्यायचं त्याच्या मनात होतं. मराठीत नको, "ते सगळेच करतात" म्हणे. मी जपानी शिकवते आणि भाषांतरं करते हे त्याला माहीत होतं. त्यामुळे एका संध्याकाळी मोबाईल घेऊन तो आमच्याकडे आला. त्यात तीन डिझाइनं होती. "काकू, यातलं कुठलं बरोबर आहे तेवढं सांगा. टॅटूवाल्याकडे शनिवारची वेळ घेतलीय."

पहिलं डिझाइन त्याने स्वतःच्याच एका टी-शर्टवरून उचललं होतं. छातीवर काळ्या शाईत एकच मोठं अक्षर, 娘, आणि त्याखाली इंग्रजीत 'मदर'. दुसरं नेटवर सापडलेलं. तुमचा शब्द टाका, चिनी अक्षरांत मिळवा, अशा एका पानावर त्याने रोमन लिपीत 'आई' टाइप केलं होतं आणि तीन आकृत्या मिळाल्या होत्या. तिसरं मित्राने सुचवलेलं: 愛. हे अक्षर जपानीत 'आइ' असंच वाचतात, म्हणजे आपलीच 'आई', असं मित्राचं म्हणणं.

दुसऱ्याचा निकाल सर्वांत लवकर लागला आणि त्यासाठी जपानी किंवा चिनी येण्याची गरजही नव्हती. तीन आकृत्यांपैकी पहिल्या दोन हुबेहूब सारख्या होत्या, तिसरी वेगळी. मुलाला वाटलं होतं की हे चिनी 'मामा' असणार. हा तर्क अगदीच टाकाऊ नव्हता, कारण चिनीत आईला 妈妈 म्हणतात आणि तिथेही एकच अक्षर दोनदा येतं. म्हणून नुसती पुनरावृत्ती पाहून डिझाइन बाद करता येत नाही. पण रोमन लिपीत 'आई' कशी लिहितात? ए, ए, आय. तीन अक्षरं, पहिली दोन सारखी. आकृत्यांची रचनाही तीच. मी त्याला त्याच पानावर 'नाना' टाइप करायला सांगितलं, म्हणजे एन, ए, एन, ए. चार आकृत्या आल्या. पहिली आणि तिसरी सारखी, दुसरी आणि चौथी सारखी, आणि ही दुसरी म्हणजे 'आई'मधली पहिलीच आकृती.

म्हणजे त्या पानाने रोमनच्या सव्वीस अक्षरांना सव्वीस चिनी दिसणाऱ्या आकृत्या चिकटवून ठेवल्या होत्या. असे तक्ते टॅटूच्या दुकानांत वर्षानुवर्षं फिरत आले आहेत. चिनी लिपीत ए-बी-सी सारखी वर्णमालाच नाही. एक अक्षर म्हणजे एक अख्खा उच्चार आणि बहुतेक वेळा एक अर्थ. त्यामुळे अशा तक्त्यातून तयार झालेला मजकूर चुकीचा आहे असंही म्हणता येत नाही, तो मजकूरच नसतो. खात्री करायला मोबाईलच्या कीबोर्डमध्ये चिनी हस्तलेखन सुरू करून त्याला ती पहिली आकृती बोटाने काढायला लावली. खरं अक्षर असेल तर रेघा थोड्या वाकड्या आल्या तरी सुचवण्यांमध्ये ते दिसतं. इथे तीन प्रयत्नांत तीन वेगळी अक्षरं सुचवली गेली आणि एकही त्या आकृतीशी जुळेना. अक्षरांचे तुकडे जोडून काहीतरी चिनीसारखं दिसणारं काढलं होतं, इतकंच.

टी-शर्टवरचं 娘 मात्र खरंखुरं अक्षर होतं, आणि तिथेच गोष्ट अवघड झाली. त्याने आधी भाषांतराच्या अॅपमध्ये फोटो टाकून पाहिला होता. अॅपने 'आई' सांगितलं होतं, आणि टी-शर्टवरही 'मदर' छापलेलं. दोन साक्षीदार जुळले म्हटल्यावर तो निर्धास्त होता. मी विचारलं, अॅपमध्ये भाषा कुठली निवडली होतीस? चिनी. भाषा बदलून जपानी कर म्हटलं. उत्तर आलं: मुलगी. म्हणजे लेक.

दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. चिनीत हे अक्षर 'न्यांग' असं वाचतात आणि त्याचा एक अर्थ आई आहे. जुन्या वळणाच्या बोलीत आणि ऐतिहासिक मालिकांत आईला अशी हाक ऐकू येते. जपानीत हेच अक्षर 'मुसुमे' वाचतात आणि अर्थ लेक. जपान्यांनी अक्षरं चीनकडून घेतली त्याला हजाराहून जास्त वर्षं झाली. एवढ्या काळात काही अक्षरांचे अर्थ दोन देशांत दोन वाटांनी गेले. पत्रासाठीचा जपानी शब्द 手紙 चिनी माणसाला संडासातला कागद वाटतो, हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. आणि 娘 चं चिनीतही एवढ्यावर भागत नाही. माझी चिनी शिकवणारी मैत्रीण फोनवर हे ऐकून हसायलाच लागली. आजच्या बोलचालीत पुरुषाबद्दल हे अक्षर विशेषणासारखं वापरलं की त्याचा अर्थ 'बायकी' होतो. पंचवीस वर्षांच्या मुलाच्या हातावर ते एकटंच दिसलं तर चिनी माणसाच्या मनात आधी काय येईल ते सांगता येत नाही, असं तिचं मत.

अशा वेळी शब्दकोश कसा पाहावा, हे इथे थोडं सविस्तर सांगते. फोटोचं थेट भाषांतर करून घेण्याआधी अक्षर मजकूर म्हणून हातात यायला हवं, म्हणजे हस्तलेखनाने किंवा फोटोतून ओळखून ते कॉपी करता येईल अशा रूपात. मग ते विक्शनरीत टाकायचं. तिथे एकाच अक्षराच्या पानावर चिनी, जपानी, कोरियन असे वेगवेगळे विभाग असतात आणि कुठे अर्थ फुटतो ते एका नजरेत दिसतं. त्यानंतर त्या त्या भाषेचा कोश. जपानीसाठी `jisho.org`, चिनीसाठी `mdbg.net`. अॅपने दिलेलं भाषांतर उलट अॅपमध्येच घालून पाहणं ही मात्र तपासणी नव्हे. त्यातून अॅप स्वतःशी सहमत आहे एवढंच कळतं.

कुठल्या भाषेत वाचायचं हे ठरल्याशिवाय बरोबर-चूक ठरत नाही, याचं आपल्या घरचं उदाहरण आहे. इंग्लंडचा फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम याने 2000 साली हातावर बायकोचं नाव देवनागरीत गोंदवून घेतलं. 'हिंदीत' आहे असं जाहीर झालं आणि ब्रिटिश वर्तमानपत्रांनी लगेच स्पेलिंग चुकल्याची बातमी केली, कारण हिंदीत 'विक्टोरिया' लिहितात आणि टॅटूत एक 'ह' जास्त होता: व्हिक्टोरिया. आता बोरीबंदरच्या स्टेशनाला 'व्हिक्टोरिया टर्मिनस' म्हणत वाढलेल्या माणसाला यात चूक काय ते कळणारच नाही. मराठी म्हणून ते नाव बिनचूक आहे.

तर आमच्या मुलाचं काय? तो नागोयाला निघाला होता, त्याचा हात रोज पाहणार होते ते जपानी लोक. म्हणून भाषा जपानी ठरली आणि 娘 बाद झालं.

तिसरं, मित्राचं 愛. खरं सांगायचं तर मला ही कल्पना आवडली होती. अक्षर खरं, अर्थ प्रेम, जपानी उच्चार 'आइ'. मराठी कानाला आई आणि जपानी डोळ्याला प्रेम. पण कान आणि डोळा एकाच माणसाचे असतील तरच हा श्लेष पोचतो. नागोयातल्या सहकाऱ्याला फक्त 'प्रेम' दिसेल. शिवाय 'आइ' हे जपानी मुलींचं नेहमीचं नाव आहे आणि ते बरेचदा याच एका अक्षरात लिहितात, ऑलिंपिक पदकविजेती टेबल टेनिसपटू आइ फुकुहारा लिहिते तसं. तरुण मुलाच्या हातावर एकटं 愛 पाहिलं की "गर्लफ्रेंडचं नाव का?" हा प्रश्न येणार. मुलाने हे ऐकलं आणि तेही डिझाइन बाजूला ठेवलं. मला थोडं वाईट वाटलं, पण हात त्याचा होता.

इथवर येऊन तिन्ही डिझाइनं गेली. मग मी त्याला जो प्रश्न विचारला तो खरं तर पहिलाच विचारायला हवा असतो. तुला मराठीत नेमकं काय म्हणायचंय? तो म्हणाला, "आईचं प्रेम." मी म्हटलं, आईचं तुझ्यावरचं, की तुझं आईवरचं? तो गप्प झाला. मराठीत आपण 'आईचं प्रेम' म्हणून दोन्ही गोष्टी अधूनमधून एकाच पिशवीत टाकतो, जपानीत त्या वेगळ्या कराव्या लागतात. 母の愛, 'हाहा नो आइ', म्हणजे आईने केलेलं प्रेम, आईची माया. 母への愛, 'हाहा ए नो आइ', म्हणजे आईविषयी वाटणारं प्रेम. फरक मधल्या एका छोट्या へ चा. हे अक्षर एरवी 'हे' असं वाचतात, पण दिशा दाखवताना 'ए'. बराच वेळ विचार करून तो म्हणाला, "माझं तिच्यावर. तिचं माझ्यावर आहे हे मी कशाला लिहू?" हे मला पटलं. 母への愛 ठरलं.

शब्दकोशात प्रत्येक अक्षर बरोबर निघालं म्हणजे अख्खी ओळ बरोबर असते असं नाही. अमेरिकन गायिका आरियाना ग्रांडेने जानेवारी 2019 मध्ये आपल्या 'सात अंगठ्या' या अर्थाच्या गाण्याच्या नावाने तळहातावर दोन जपानी अक्षरं गोंदवली: 七輪. पहिलं अक्षर सात, दुसरं वर्तुळ किंवा कडं. सुटं सुटं दोन्ही ठीक. पण जोडून तो 'शिचिरिन' असा वेगळाच शब्द होतो, आणि त्याचा अर्थ आहे कोळशाची छोटी शेगडी, जिच्यावर मासे भाजतात. जपान्यांनी दाखवून दिल्यावर तिने 'हाताचं बोट' या अर्थाचं अक्षर आणि एक बदाम खाली जोडून दुरुस्ती केली, तरी वाचणाऱ्याला आधी शेगडीच दिसत राहिली. हा घोटाळा एका मिनिटात पकडता येतो. पूर्ण ओळ जशीच्या तशी चित्रांच्या शोधात टाकायची आणि त्या देशातले लोक ती कशाला लावतात ते पाहायचं. 七輪 टाकलं की मातीच्या शेगड्यांची रांगच्या रांग उभी राहते.

आम्ही 母への愛 टाकलं. पडदा लाल फुलांनी भरून गेला. कार्नेशन. जपानमध्ये मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मातृदिन असतो, त्या दिवशी आईला लाल कार्नेशन देतात, आणि तिथल्या 'फुलांच्या भाषेत' लाल कार्नेशनचा अर्थ म्हणून हीच ओळ छापलेली असते. म्हणजे ओळ जिवंत आहे, लोक ती वापरतात, आणि आपल्याला हव्या त्याच अर्थाने वापरतात. मुलगा खूश. तेवढ्यात त्याला आठवलं की टॅटूवाल्याने अक्षरांशेजारी एक फूल सुचवलं होतं, रंग न भरता नुसत्या रेघांचं. इथे मी त्याला थांबवलं. पांढरं कार्नेशन जपानमध्ये वारलेल्या आईच्या आठवणीसाठी असतं. नुसत्या रेघांचं, आत काही न भरलेलं फूल लोक पांढरं म्हणून वाचणार. त्याची आई खाली पार्किंगमध्ये भाजीवाल्याशी घासाघीस करत होती. फूल रद्द झालं.

यानंतर माणसाला विचारायचं राहिलं होतं. मी जपानी शिकवते, पण ती माझी मातृभाषा नाही, आणि कोश जे सांगत नाही ते मलाही कधीकधी सांगता येत नाही. पुण्यात नवऱ्याच्या नोकरीमुळे राहणाऱ्या एका जपानी बाईंना मी ती ओळ पाठवली. विचारताना एक पथ्य पाळलं. "याचा अर्थ आईवरचं प्रेम असाच ना?" असं विचारलं असतं तर त्यांनी सभ्यपणे हो म्हटलं असतं. म्हणून अर्थ, कारण, टॅटू यातलं काहीच न सांगता एवढंच विचारलं: हे तुम्हाला कुठे लिहिलेलं दिसेल असं वाटतं? त्यांचं उत्तर आलं: मातृदिनाच्या फुलांच्या दुकानात, किंवा शाळेतल्या निबंधाच्या मथळ्यावर. मग टॅटूचं सांगितलं. त्या म्हणाल्या, भाषा अगदी बरोबर आहे, गैर काही नाही, पण हातावर थोडं भेटकार्डासारखं वाटेल. तिथला कोणी लिहायचाच झाला तर बहुधा नुसतं 母 लिहील.

'चूक' आणि 'अनोळखी वाटणारं' हे दोन वेगळे शेरे असतात आणि ते वेगळे ठेवूनच मागून घ्यावे लागतात. 七輪 ही चूक होती. 母への愛 मध्ये चूक नव्हती, सूर थोडा छापील होता. अशा वेळी निर्णय हात ज्याचा त्याने घ्यायचा. मुलाने एक रात्र घेतली आणि 母 वर आला. त्यात आणखी एक सोय होती. हे अक्षर चिनीतही आईच. नागोयाऐवजी पुढे शांघायला जावं लागलं तरी अर्थ बदलत नाही. शिवाय जपानमध्ये गरम पाण्याच्या सार्वजनिक स्नानगृहांत टॅटू असलेल्यांना पुष्कळ ठिकाणी प्रवेश नाकारतात. काही ठिकाणी छोटा टॅटू चिकटपट्टीने झाकला की चालतं. एक अक्षर झाकता येतं, चार अक्षरांची ओळ झाकणं कठीण.

मजकूर ठरला की काम संपलं असं लोकांना वाटतं, पण टॅटूत निम्म्या चुका त्यानंतर होतात, कारण सुई चालवणाऱ्याला ती लिपी येत नसते. तो अक्षर लिहीत नाही, चित्र काढतो. 母 मध्ये पाच रेघा आहेत आणि त्यांतल्या दोन म्हणजे आतले दोन ठिपके, मधल्या आडव्या रेघेच्या एक वर आणि एक खाली. हे दोन ठिपके सुटे राहिले पाहिजेत. ते जोडून एकच तिरकी रेघ झाली की 毋 होतं, चार रेघांचं वेगळं अक्षर, आणि त्याचा अर्थ 'नको', 'करू नकोस'. जुन्या लिखाणातलं अक्षर आहे, आज सहसा दिसत नाही, पण आहे. टॅटूवाल्याने पाठवलेल्या पहिल्या नमुन्यात ठिपके लांबट होऊन एकमेकांच्या दिशेने निघाले होते. 'फ्लो' आणलाय, असं त्याचं स्पष्टीकरण.

यात आकाराचाही प्रश्न येतो. शाई त्वचेत काळानुसार थोडी पसरतेच, आणि सुई खोल गेली तर लगेच पसरते. त्याला टॅटूवाले 'ब्लोआऊट' म्हणतात. नखाएवढं 母 काढलं तर काही वर्षांनी आतले ठिपके आणि मधली रेघ यांचा एकच डाग होईल. आम्ही अक्षर दोन बोटं रुंद ठेवलं आणि ठिपके लहान ठेवून त्यांच्याभोवती मोकळी जागा सोडायला सांगितली. गणिताने काढलेलं माप नाही हे. टॅटूवाल्याने आपल्या जुन्या कामांचे ताजे आणि वर्षांनंतरचे फोटो दाखवले, त्यावरून अंदाज घेतला.

वळणाचंही पाहावं लागलं. त्याने कॉम्प्युटरवर जे वळण निवडलं होतं ते जपानी वर्तमानपत्रांचं छापील वळण, ज्याला 'मिन्चो' म्हणतात. त्यात आडव्या रेघांच्या शेवटी छोटे त्रिकोण असतात. ते त्वचेवर उतरवले की माणसाने हातावर वर्तमानपत्राचा मथळा कापून चिकटवल्यासारखं दिसतं. 'काइशो', म्हणजे कुंचल्याने सुटं सुटं, नीट लिहिलेलं वळण मागितलं. अगदी वेगात लिहिलेली वळणंही असतात, ती दिसायला देखणी, पण त्यांत रेघा एकमेकींत मिसळतात आणि मूळ अक्षर ओळखता न येणारा माणूस त्यांत काय बिघडलं ते पकडू शकत नाही.

शेवटची तपासणी सुईच्या आधी, स्टेन्सिल हातावर उमटल्यावर. स्टेन्सिल उलटं लागू शकतं, आणि आरशातल्या सेल्फीवरून डिझाइन घेतलं असेल तर ते आधीच उलटं झालेलं असतं. ज्याला लिपी येत नाही त्याला उलटं 母 पटकन ओळखू येत नाही, कारण ते चौकटीसारखं दिसतं. म्हणून मी त्याला एका कागदावर अक्षर मोठं छापून दिलं. वरच्या बाजूला बाण, शेजारी देवनागरीत 'हाहा, जपानी, आई', आणि दोन ठिपक्यांना लाल गोल. बाणाचं टोक कोपराकडे, म्हणजे हात खाली सोडला की समोरच्याला अक्षर सरळ दिसेल. शनिवारी त्याने स्टेन्सिलचा फोटो पाठवला. अक्षर सरळ होतं, बाजू बरोबर होती, खालचा ठिपका मात्र मधल्या रेघेला चिकटला होता. टॅटूवाल्याने कुरकुर न करता स्टेन्सिल पुसलं आणि दुसरं लावलं. त्याचा फोटो आल्यावर मी हो म्हटलं आणि मग त्याने मशीन सुरू केलं.